‘बाकी सर्व’ कोणाला?



मृत्युपत्र हातात आलं की घरातला प्रत्येकजण आधी आपलं नाव शोधतो. आपण वकीलही फार वेगळं करत नाही. माझं म्हणणं असं, की वाचन शेवटून सुरू करावं. ‘वर न लिहिलेली बाकी सर्व स्थावर-जंगम मालमत्ता अमुक यांना द्यावी’ हे वाक्य बहुतेकदा शेवटच्या पानावर असतं आणि खरी वाटणी तिथे ठरते. आल्फ्रेड नोबेल यांच्या १८९५ च्या मृत्युपत्रात नातेवाइकांना ठरावीक रकमा आहेत. पारितोषिकांचा निधी उभा राहिला तो ‘बाकी सर्व’मधून.

एक उदाहरण घेऊ, काल्पनिक पण आपल्या रोजच्या कामातलं. पुण्यातले एक विधुर निवृत्त शिक्षक. फ्लॅट मुलीला, पाच लाख गावच्या शाळेला, पाच लाख पुतण्याला आणि बाकी सर्व दोन मुलांना समान. सगळं स्वकष्टार्जित. एक्झिक्युटर म्हणून धाकट्या मुलाचं नाव. गुरुजी गेले तेव्हा बँकेत ४२ लाख होते.

आता धाकटा म्हणतो, “एक्झिक्युटर मी, म्हणजे ताबा माझा.” ताबा खरा, मालकी नव्हे. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम २११ नुसार मालमत्ता त्याच्याकडे येते ती मृताचा कायदेशीर प्रतिनिधी म्हणून, वाटून देण्यासाठी. तो स्वतः लाभार्थीही असू शकतो, पण आपला वाटा त्याने रांगेत उभं राहूनच घ्यायचा. अंत्यविधी, अखेरच्या आजारपणाचा खर्च, प्रोबेटचा खर्च, मग कर्ज आणि त्यानंतर लाभार्थी, असा ढोबळ क्रम. मृत्यूनंतर वर्ष पुरं होईपर्यंत लाभार्थ्यांना रक्कम देण्याची सक्ती त्याच्यावर नसते. तेराव्यालाच हिशेब मागणाऱ्या पाहुण्यांना हे शांतपणे सांगावं.

खर्च आणि देणी मिळून सात लाख गेले. उरले ३५. शाळेला पाच. पुतण्या मात्र गुरुजींच्या आधीच वारला होता. त्याची मुलं मृत्युपत्राची झेरॉक्स घेऊन आली, “बाबांचे पाच लाख आमचे.” कलम १०५ त्यांच्या विरुद्ध जातं: लाभार्थी आधी गेला की त्याची देणगी रद्द होते आणि ‘बाकी सर्व’मध्ये जाऊन पडते. म्हणून बाकी ३० लाख, मुलांना प्रत्येकी १५.

आता समजा थोरला मुलगाही वडिलांच्या आधी गेला आहे आणि मागे बायको व एक मुलगी आहे. इथे कलम १०९ आड येतं. लाभार्थी हा मृताचा स्वतःचा मुलगा-मुलगी किंवा नातवंड असेल आणि त्याचं अपत्य हयात असेल, तर तो वडिलांनंतर लगेच वारला असं धरायचं. पुतण्या या कलमात बसत नाही. पण एवढ्यावरून १५ लाख थेट नातीचे होत नाहीत. ते थोरल्याच्या मालमत्तेत जमा होतात. त्याने स्वतः मृत्युपत्र केलं नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे सून आणि नात यांना साडेसात-साडेसात. आजोबांच्या कागदावर सुनेचं नाव कुठेच नाही, तरी तिला वाटा मिळतो. आपल्यातले बरेचजण हे पायरीपायरीने न वाचता नातीच्या नावाने अर्ज ठोकून मोकळे होतात.

थोरल्याला अपत्यच नसतं तर? तर धाकटा ३० लाखांवर हक्क सांगेल, आणि बहुतेक घरांत तेच न्याय्य वाटेल. पण ‘समान’ या शब्दाने वाटे वेगळे झालेले आहेत, आणि ‘बाकी सर्व’मधलाच वाटा कोसळला तर त्याला झेलायला मृत्युपत्रात खाली दुसरं कलम नसतं. कलम १०८ म्हणतं, तो भाग मृत्युपत्राबाहेरचा समजा. म्हणजे ते १५ लाख वारसाहक्काने जाणार: धाकटा मुलगा, मुलगी आणि थोरल्याची विधवा, प्रत्येकी पाच. मुलीला फक्त फ्लॅट द्यायचा हे गुरुजींनी विचार करून ठरवलं होतं. तरी तिला रोख पाच मिळाले.

तोट्याचा मारही आधी ‘बाकी सर्व’वरच बसतो. खर्च-देणी ४० लाख निघाली असती तर मुलांना काहीच नाही, शाळेला पाचाऐवजी दोन, आणि मुलीचा फ्लॅट शाबूत. सर्वात मोठा वाटा ज्याच्या नावे दिसतो, त्याचाच वाटा सर्वात आधी आटतो.

वाटा असा मृत्युपत्राबाहेर जाणं टाळायला फार शाई लागत नाही. ‘दोघांपैकी एक माझ्या आधी वारल्यास व त्यास अपत्य नसल्यास त्याचा वाटा दुसऱ्यास मिळावा’ एवढं वाक्य पुरतं. पुतण्याच्या नावापुढे ‘तो नसल्यास त्याच्या मुलांना’ असं लिहून घ्यायचं की नाही, हे पक्षकाराला विचारायचं. आणि एक्झिक्युटर धाकटाच असेल, तर त्याच्या जागी दुसरं कोण, तेही त्याच बैठकीत.