नमुन्याचा फोटो टाकण्याआधी

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या कामाला सुरुवात होते. आम्ही तिघी बार्शी-परांड्याच्या बाजूला लग्नाचे फोटो काढतो. एक कॅमेरा नवरीकडे, एक मांडवात आणि तिसरी बाई व्हिडिओला. नवीन काम मिळवायचं तर जुनं काम दाखवावं लागतं. पूर्वी त्यासाठी दुकानात एक अल्बम असायचा. आता गिऱ्हाईक आधी मोबाइलवर बघतं आणि मग फोन करतं. त्यामुळे आम्हीही नमुन्याचे फोटो टाकतो. ते टाकायच्या आधी काय काय करतो, ते आज सांगायचं आहे. तुमच्यातल्या काही जणी कॅमेरा हातात घ्यायच्या विचारात असतील, आणि लेकीचं लग्न तर सगळ्यांच्याच घरी असतं.

आधी एक कायद्याची गोष्ट. फोटो आम्ही काढला म्हणजे तो आमचा झाला, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. आपल्याकडच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे नमुना म्हणून वापरायचा तर फोटोग्राफरला परवानगी घ्यावीच लागते. पण इथं एक गाठ आहे. आपल्याकडे लग्नाचे पैसे देतो वडील नाहीतर सासरा, आणि फोटोत चेहरा असतो मुलीचा. सासऱ्यांनी हो म्हटलं म्हणजे सुनेनं हो म्हटलं, असं आम्ही धरत नाही. दोन्ही परवानग्या वेगळ्या घेतो.

कधी विचारायचं, यालाही महत्त्व आहे. बुकिंगच्या दिवशी सगळं घर समोर बसलेलं असतं, मुलगी चहाचा ट्रे घेऊन उभी असते. ती तेव्हा काय बोलणार? लग्नाच्या दिवशी तर तिला स्वतःचं नाव आठवत नसतं. म्हणून बुकिंगला आम्ही एवढंच सांगतो की नमुन्यासाठी नंतर विचारू, आणि नाही म्हणालात तरी कामात फरक पडणार नाही. खरं विचारणं होतं अल्बमचं सिलेक्शन करायला जोडपं येतं तेव्हा. तोवर दोनचार आठवडे गेलेले असतात आणि फोटो डोळ्यांसमोर असतात. ‘आमचे फोटो टाकले तर चालतील का’ या प्रश्नाला काही अर्थ नाही, कारण कुठले फोटो ते तिला माहीतच नसतं. ‘हा टाकला तर चालेल का’ असं एकेका फोटोवर बोट ठेवून विचारावं लागतं.

परवानगी दिली तर हजार-दोन हजार कमी करू, असं सांगणारे फोटोग्राफर आहेत. आम्ही ते करत नाही. सूट द्यायला लागलं की निर्णय पाकीट ज्याच्या खिशात आहे त्याच्याकडे जातो.

आता एक लग्न सांगतो. नाव-गाव सांगणार नाही, आणि ओळख पटेल असा तपशील बदलला आहे. नवरीचं हे दुसरं लग्न. पहिल्या लग्नाची आठ वर्षांची मुलगी, आणि तीच आईची करवली. सासरे मोठ्या मनाचे. पैसे त्यांनीच दिले आणि म्हणाले, “टाका सगळे फोटो. आम्ही काही चोरून लग्न केलं नाही.” त्यांचा अभिमान खरा होता. नवरी मान खाली घालून ऐकत होती.

सिलेक्शनला दोघं आली तेव्हा आमच्यातली एक नवरदेवाला अल्बमचे कागद दाखवायला बाहेरच्या खोलीत घेऊन गेली, आणि आम्ही दोघी नवरीजवळ बसलो. नमुन्यासाठी आम्ही दहा फोटो काढून ठेवले होते. ती म्हणाली, “ताई, पहिल्या घरची माणसं पोरीच्या ताब्यावरून अजून भांडतात. आम्ही कुठं राहतो ते त्यांना कळायला नको.” हे सासऱ्यांना माहीत होतं, पण फोटोचा आणि त्याचा संबंध त्यांच्या लक्षात आला नव्हता.

मग एकेक फोटो घेतला. मांडवाचा मोठा फोटो पहिल्यांदा बाजूला गेला, कारण मागच्या फलकावर दोघांची नावं आणि कार्यालयाचं नाव होतं. हळदीचा फोटो तिला आवडला, पण ओले केस आणि अंगाला चिकटलेली साडी. तो तिच्या घरच्यांसाठीच. करवलीचा कलश घेतलेला फोटो अर्थातच नाही. अंतरपाटाचे दोन होते. एकात दोघांचे चेहरे, तो गेला. दुसऱ्यात फक्त पांढरं कापड, त्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक आणि दोन्हीकडे हार धरलेले हात, तो राहिला. सप्तपदीत तांदळाच्या राशीवर ठेवलेलं पाऊल राहिलं. पाठीमागून काढलेला, मुंडावळ्यांच्या गाठीचा आणि गजऱ्याचा फोटोही राहिला.

मंगळसूत्र बांधतानाचे हात आम्हाला सुरक्षित वाटणारे, पण तिथंच जपावं लागतं. मेंदीत नवरदेवाचं नाव लिहिलेलं असतं. मोबाइलवर दोन बोटांनी फोटो मोठा केला की ते स्वच्छ वाचता येतं. गोंदणातलं नावही तसंच. हातांचा कुठलाही फोटो टाकण्याआधी आम्ही तो मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत वाचतो. या फोटोत नाव डाव्या तळहातावर होतं, म्हणून तेवढा भाग कापला. ओटी भरतानाच्या फोटोत सासूबाई होत्या. त्या म्हणाल्या, “माझा चेहरा टाका गं, मला म्हातारीला कोण पळवून नेतंय!” सगळ्या हसलो. पण त्यांच्यावरून घर ओळखू येणार. म्हणून नारळ, खण आणि दोन जणींचे हात, एवढंच ठेवलं.

चेहरा पुसट करून किंवा त्यावर हसरं चित्र चिकटवून फोटो टाकतात, ते आम्ही टाळतो. शालू, दागिने आणि बांधा यावरून ओळखीचं माणूस लगेच ओळखतं, आणि फोटो मात्र बिघडतो. त्यापेक्षा चेहरा नसलेला फोटोच निवडावा. लग्न चालू असतानाच प्रत्येक विधीला असा एक-दोन फोटो मुद्दाम काढून ठेवायची सवय लावली, की नंतर ओढाताण होत नाही.

राहिला दहावा. पाठवणीच्या वेळी ती लहान मुलगी आईच्या शालूचा पदर मुठीत धरून मागे चालली होती. फोटो पाठीमागून, चेहरा दोघींचाही नाही. आमच्या साऱ्या हंगामातला तो सगळ्यात चांगला फोटो होता. नवरीला तो इतका आवडला की ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, पोरीला विचारा. मुलगी बाहेर पायरीवर बसली होती. तिला फोटो दाखवला. तिनं नीट पाहिला आणि म्हणाली, “नको. माझ्या वर्गातल्या पोरी फ्रॉक ओळखतील.” विषय संपला. तो फोटो त्यांच्या अल्बममध्ये पानभर आहे, आमच्या नमुन्यात नाही. लहान लेकराचा फोटो असेल तर आईबापाची परवानगी लागतेच, पण लेकरू नको म्हणालं तर आमच्यासाठी तीही नाहीच.

दहातले पाच उरले. त्या पाचांचे छोटे प्रिंट एका कागदावर लावून प्रत्येकापुढे चार चौकटी आखल्या होत्या: दुकानातला अल्बम, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस, फेसबुक-इन्स्टाग्राम आणि चौकातला फ्लेक्स. प्रत्येक जागा वेगळी आहे. दुकानातला अल्बम आमच्यासमोर बघितला जातो आणि परत कपाटात जातो. फ्लेक्स महिनाभर एसटी स्टँडवर उभा राहतो. रिकामी चौकट म्हणजे नाही, हे आधीच सांगतो. तिनं पाचही फोटोंना पहिल्या आणि तिसऱ्या चौकटीत खूण केली. मग नवरदेवाला आत बोलावलं, त्यानंही पाहिलं. दोघांच्या सह्या झाल्या, सासऱ्यांची घेतली, एक प्रत तिला दिली. कागदाखाली लिहिलेलं असतं की मन बदललं तर फोन करा, आम्ही फोटो काढून टाकू. तोंडानं आणखी एक सांगतो: आम्ही आमच्याकडचा काढू, पण तोवर कुणी स्वतःच्या मोबाइलमध्ये उतरवून घेतला असेल तर तो आमच्या हातात नाही. हे न सांगता घेतलेली सही अर्धवट आहे, असं आमचं मत आहे.

फोटो तीन महिन्यांनी टाकले. खाली एवढंच लिहिलं: ‘अंतरपाट, सप्तपदी आणि ओटी. कुटुंबाच्या परवानगीने.’ तारीख नाही, गाव नाही, कुणाचं नाव जोडलेलं नाही. खाली शेरे लिहायची सोयही बंद ठेवली, कारण आपण नाव लपवलं तरी एखादी मावसबहीण ‘अभिनंदन वहिनी’ म्हणून नावासकट लिहून मोकळी होते. आणखी एक बारीक गोष्ट. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये ठिकाण नोंदलं जातं, आणि फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली की ती नोंदही सोबत जाते. कामाच्या फोनवर कॅमेऱ्याचं लोकेशन आम्ही बंदच ठेवतो.

या सगळ्याला मर्यादा आहेत. पाहुण्यांच्या शंभर मोबाइलवर आमचा काही ताबा नाही. पण आमच्या हातून फोटो दोन ठिकाणी जातात: व्हिडिओचं मिक्सिंग करणाऱ्याकडे आणि अल्बम छापणाऱ्या लॅबमध्ये. छान झालेला अल्बम लॅबवाले आपला नमुना म्हणून काउंटरवर ठेवतात, मिक्सिंगवाला गाण्याचा तुकडा आपल्या नावानं फिरवतो. नवरा-नवरीला पत्ताही नसतो. म्हणून लॅबच्या ऑर्डरवर आम्ही लिहून देतो, ‘नमुना म्हणून वापरू नये, जादा प्रत काढू नये’, आणि अल्बम आणायला जातो तेव्हा काउंटरवर नजर टाकून येतो.

चेहरे नसलेल्या नमुन्यांनी काम मिळतं का, असं विचारतात. काही गिऱ्हाइकं जातात, हे खरं आहे. त्यांना थाटमाट आणि चेहरे बघायचे असतात. ज्या जोडप्यांनी दुकानापुरती परवानगी दिली आहे त्यांचे अल्बम अशांना समोर बसवून दाखवतो. मोबाइलवर त्याचा फोटो काढू देत नाही.

तुमच्या घरी लग्न असेल तर बुकिंगच्या पावतीवर दोन ओळी लिहून घ्या: नमुन्याचे फोटो मुलीनं आणि मुलानं स्वतः पाहून सही केल्याशिवाय वापरायचे नाहीत, आणि लॅब व मिक्सिंगवाल्यालाही हेच लागू. फोटोग्राफर हंगामाच्या घाईत असेल तर कुरकुर करेल, पण लिहून देईल. आणि पावतीची एक प्रत मुलीजवळ राहू द्या, वडिलांच्या कपाटात नको.