पोर्टलवर न दिसणारं बिल

नियमित जीएसटी नोंदणी असलेल्या गटांसाठी आजचं बोलणं आहे. कंपोझिशन योजनेतल्या गटांना खरेदीवरच्या कराची वजावट मिळतच नाही, त्यामुळे त्यांना यातलं काही करायचं नाही.

महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर GSTR-2B तयार होतं. मागच्या महिन्यात आपल्याला माल विकणाऱ्यांनी आपल्या नंबरावर जी बिलं दाखवली, त्यांचा तो गोषवारा. त्यात बिल असेल तरच त्यावर भरलेला कर आपल्या विक्रीच्या करातून वजा करता येतो. १ जानेवारी २०२२ पासून कायद्यातच तसं आहे. बरेच सल्लागार या गोषवाऱ्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि "एवढी वजावट मिळेल" म्हणतात. स्क्रीनशॉट आला की आधी वर महिना कोणता आणि जीएसटी नंबर आपलाच आहे का, ते बघायचं. मागच्या महिन्याचं चित्र पुन्हा आलेलं आम्ही पाहिलं आहे.

आता एका मसाला गटाचा ऑगस्टचा हिशेब घेऊ. गटानं संगणकातून खरेदी रजिस्टर एक्सेलमध्ये काढलं. त्यात पाच बिलं होती. केंद्राचा आणि राज्याचा कर सारखाच असतो, म्हणून केंद्राचाच आकडा सांगतो. सुकी मिरची २,००० रुपये, धणे १,०००, हळद ६००, आणि पिशव्यांची दोन बिलं, एक १,४४० चं, दुसरं ९०० चं. एकूण ५,९४०. स्क्रीनशॉटवर मात्र ४,६८०. म्हणजे १,२६० कमी.

बहुतेक जणी इथं काय करतात? १,२६० रुपये कर असलेलं बिल शोधतात. या गटात तसं बिलच नव्हतं. मग सगळ्या बुचकळ्यात पडल्या. कारण असं, की स्क्रीनशॉटवर फक्त बेरीज दिसते. एक बिल कमी आणि दुसरं जास्त असेल तर दोन्हींचा मेळ होऊन तिसराच आकडा निघतो. म्हणून स्क्रीनशॉटनं फरक आहे एवढंच कळतं. बिल शोधायला सल्लागाराकडून GSTR-2B ची पूर्ण एक्सेल फाईल मागायची आणि त्यातलं B2B नावाचं पान उघडायचं. तिथं प्रत्येक बिल वेगळं असतं.

मग एकीनं रजिस्टर वाचायचं, दुसरीनं फाईलमध्ये खूण करायची. विकणाऱ्याचा जीएसटी नंबर, तारीख आणि कराची रक्कम, ही तीन जुळली की बिल जुळलं. बिल नंबरावर अडून बसू नका. आपण ४५ लिहितो, दुकानदार ०४५ लिहितो. संगणकाला ती दोन बिलं वाटतात, आपल्याला एकच कळतं.

गटाच्या खुणा संपल्या तेव्हा रजिस्टरमधलं एक बिल उरलं, पिशव्यांचं १,४४० चं. आणि फाईलमध्ये एक जादा सापडलं, काटा दुरुस्तीचं १८० चं. १,४४० मधून १८० गेले की १,२६०. फरक मिटला. दुरुस्ती खरीच झाली होती, पण दुकानदारानं बिल हातात दिलं नव्हतं. बिल जवळ असल्याशिवाय वजावट घेता येत नाही, म्हणून आधी ते मागून घेतलं आणि रजिस्टरमध्ये चढवलं.

पिशव्यांच्या बिलाचं कारण शोधायला एक खूण उपयोगी पडते. त्याच दुकानदाराची दुसरी बिलं दिसतात का? एकही दिसत नसेल तर त्यानं विवरण भरलेलंच नसेल, किंवा तो तिमाही भरणारा असेल. मग ऑगस्टचं बिल १४ ऑक्टोबरला दिसू शकतं. इथं ९०० चं बिल दिसत होतं. म्हणजे विवरण भरलं होतं, हेच एक सुटलं होतं. बिलाचा फोटो पाठवून विचारल्यावर कळलं, ते किरकोळ गिऱ्हाईकाच्या विक्रीत, आपल्या नंबराशिवाय टाकलं गेलं होतं. अशा वेळी भांडायची गरज नसते. दुकानदार पुढच्या महिन्याच्या विवरणात, म्हणजे सप्टेंबरच्या, ते दुरुस्त करू शकतो. मात्र "करतो" या शब्दावर न थांबता १४ ऑक्टोबरची फाईल उघडून बघायची.

त्या महिन्यात गटानं ४,६८० चीच वजावट घेतली. केंद्र आणि राज्य मिळून २,८८० रुपये खिशातून जास्त भरावे लागले. जोरावर ५,९४० घेतले असते तर पुढं नोटीस येऊन व्याजासह परत करायची वेळ आली असती. रजिस्टरमध्ये त्या बिलापुढं "येणे बाकी" लिहून ठेवलं. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरण त्याआधी भरलं तर तोपर्यंतच, ही वजावट घेता येते. मार्चच्या बिलांना त्यामुळे वेळ सगळ्यात कमी मिळतो; ती एप्रिलमध्येच आधी तपासा.