पाचच स्वर का? सेमाडोहच्या कोरकूपासून एक गोष्ट

मागच्या भागात आपण व्यंजनांबद्दल बोललो होतो, आज स्वरांकडे वळू. ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे इथे लिहून ठेवलाय.

परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी सेमाडोह आहे. पर्यटक तिथं वाघासाठी जातात. आपण आज तिथं कान देऊन उभं राहू. चहाच्या टपरीवर मराठी आणि हिंदी तर ऐकू येतेच, पण घराघरात बोलली जाते ती कोरकू. ही भाषा मराठीच्या कुळातली नाही. ती मुंडा गटातली, म्हणजे झारखंडच्या मुंडारी आणि संथालीची बहीण. काही शब्द ऐका. मिया म्हणजे एक, गेल म्हणजे दहा, उरा म्हणजे घर, कुला म्हणजे वाघ. आणि पाचाला म्हणतात मोनोय.

या चार-पाच शब्दांत कोरकूचे सगळे मूळ स्वर येऊन गेले: इ, ए, आ, ओ, उ. हे स्वर लांबवूनही म्हटले जातात, पण तोंडातल्या जागा पाचच.

आता गंमत बघा. मेळघाटात आणि आजूबाजूला गोंडी बोलणारे लोक आहेत. गोंडी द्राविडी, म्हणजे तेलुगू-कन्नडच्या घरातली. तिच्यातही जागा पाचच, त्याच. तिकडे बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या बाजूला निहाली बोलतात. ही भाषा कुठल्याच कुळात बसत नाही, जगात एकटी आहे. तिचेही स्वर इ, ए, आ, ओ, उ.

तीन भाषा, एकमेकींशी रक्ताचं नातं नाही, आणि स्वर तेच पाच. तुम्ही म्हणाल, शेजारी राहून एकमेकींचं उचललं असेल. थोडं असेलही. पण मग स्पॅनिशचं काय? जपानी, ग्रीक, स्वाहिली, हवाईयन? त्याही पाच स्वरांच्या. त्या काही मेळघाटात राहायला आल्या नव्हत्या.

जगातल्या भाषांची वैशिष्ट्यं नकाशावर मांडणारा एक मोठा प्रकल्प आहे. त्यात 564 भाषांच्या स्वरांची मोजणी केलीये. त्यातल्या 188 भाषांत बरोब्बर पाच स्वर निघाले, म्हणजे तीनातली एक. दुसरा नंबर सहाचा, 100 भाषा. दोनपासून चौदापर्यंत सगळे आकडे सापडतात, पण पाचाची रांग सगळ्यात लांब. म्हणून कुणी म्हटलं ना, की 'आदिवासींच्या भाषेत स्वर कमी, भाषाच साधी', तर हा आकडा लक्षात ठेवा. कोरकू याबाबतीत जगाच्या अगदी मधोमध उभी आहे.

पण पाचच का? आणि हेच पाच का?

आधी स्वर म्हणजे काय ते कानानं पाहू. आत्ता, जिथं असाल तिथं, आवाज न काढता नुसतं कुजबुजून म्हणा: ई… ए… आ… ओ… ऊ. सावकाश. ऐकलंत? गळ्यातून सूर निघत नाहीये, तरी कुजबूज उंचावरून खाली उतरत गेली. ई सगळ्यात चिरका, ऊ सगळ्यात घुमणारा. बासरीची भोकं बदलावीत तशी जीभ आणि ओठ तोंडातली पोकळी बदलतात, आणि त्या पोकळीचे सूर बदलतात.

या सुरांना फॉर्मंट म्हणतात. आपल्याला दोनच पुरेत. पहिला जबड्याशी जोडलेला आहे: तोंड जितकं उघडं, तितका तो वर चढतो. दुसरा जीभ पुढे की मागे आणि ओठ गोल की पसरट यावर ठरतो. कुजबुजताना तुम्ही ऐकलात तो मुख्यतः हा दुसरा.

मोठ्या पुरुषाच्या आवाजात ढोबळ आकडे असे: ई म्हणजे पहिला सूर 280 हर्ट्‌झ, दुसरा 2250. ऊ म्हणजे 300 आणि 850. आ म्हणजे 720 आणि 1250 च्या आसपास. हे तीन बिंदू कागदावर काढले की एक त्रिकोण होतो. तोंडाला जेवढे स्वर काढता येतात ते जवळपास सगळे या त्रिकोणात मावतात. ई, ऊ आणि आ हे त्याचे तीन कोपरे.

आता समजा तुम्हाला एक भाषा बनवायचीय आणि स्वर ठेवायचेत फक्त तीन. कुठं ठेवाल? कोपऱ्यांत. कारण ऐकणाऱ्याला घोळ होऊ नये असं वाटत असेल, तर स्वर एकमेकांपासून जितके लांब तितके बरे. अभिजात अरबी अशी आहे, क्वेचुआ अशी आहे. तीन स्वरांच्या बहुतेक भाषा याच कोपऱ्यांजवळ बसतात.

हाच विचार 1972 मध्ये योहान लिल्येनक्रान्त्स आणि ब्यॉर्न लिंडब्लोम या दोन स्वीडिश संशोधकांनी कॉम्प्युटरला दिला. कल्पना सोपी होती. प्रत्येक स्वर दुसऱ्या स्वराला ढकलतो असं माना. अंतर निम्मं झालं की ढकलणं चौपट. सगळ्या जोड्यांची बेरीज करा, आणि ती कमीत कमी होईपर्यंत स्वरांना सरकू द्या:

E = Σ 1/r²

इथे r म्हणजे दोन स्वरांमधलं अंतर, तेही कानाला जाणवणारं. स्वर मधोमध गोळा करून सोडले की ते आपणहून पसरत कडेला जातात. एस.टी.त एकमेकांना न ओळखणारे प्रवासी रिकाम्या बाकांवर पसरून बसतात ना, तसंच.

तीन स्वर दिले तर उत्तर आलं ई, आ, ऊ. पाच दिले तर त्यात ए आणि ओच्या जातीचे दोन आले. कोरकूचा नकाशा, कोरकूचं नावही न घेता!

पाचाला हे इतकं नीट का जमतं, ते आकड्यांत पाहू. कान दोन सुरांमधला फरक वजाबाकीपेक्षा पटीत मोजतो. त्रिकोणाच्या पुढच्या कडेवर पहिला सूर ईला 280 आणि आला 720. मध्ये ए बसतो, साधारण 430 वर. 280 पासून 430 म्हणजे दीडपट. 430 पासून 720 म्हणजे पावणेदोनपटीच्या थोडं आत. म्हणजे ए जवळजवळ मधोमध बसला. मागच्या कडेवर तसंच: ऊ 300, ओ 450, आ 720. दीडपट आणि 1.6 पट. प्रत्येक कडेवर एक पाहुणा, आणि दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा. चार स्वर असले की एक कड रिकामी राहते. पाचाला दोन्ही बाजूंचा तोल साधतो.

इथं तुमच्यापैकी कुणीतरी हुशार म्हणेल: थांबा, त्रिकोणाला कडा तीन असतात! ई आणि ऊच्या मधली वरची कड रिकामी का? प्रश्न एकदम बरोबर. हिशेब करा. दुसरा सूर ईला 2250, ऊला 850. म्हणजे 2.65 पट अंतर. मध्ये एक स्वर घातला तर दोन्हीकडे 1.6 पट जागा उरते. ए-ओला मिळते तेवढीच! मग भाषा तिथं स्वर का ठेवत नाहीत?

1972 चं गणित नेमकं इथंच अडखळलं. स्वरांची संख्या वाढवत नेली, की कॉम्प्युटर ई आणि ऊच्या मध्ये एकामागून एक स्वर कोंबायला लागला. खऱ्या भाषा असं क्वचित करतात.

चूक सूत्राच्या आत होती. त्यानं दोन्ही सुरांना जवळपास सारखा मान दिला. प्रत्यक्षात पहिला सूर जोरकस असतो, दुसरा बराच क्षीण. नदीचा आवाज, पाऊस, जीपचं इंजिन यांत दुसरा सूर आधी बुडतो, पहिला टिकतो. म्हणून जबड्याच्या उघडझापीतला फरक कानाला भरवशाचा, जिभेच्या मागे-पुढेपणातला कमी भरवशाचा. कागदावर वरची कड लांब दिसते, कानाला ती आखूड असते. पुढे लिंडब्लोम यांनी स्वतःच 'जास्तीत जास्त अंतर' हा आग्रह सोडून 'पुरेसं अंतर' असं म्हटलं. आणि 1997 मध्ये श्वार्ट्‌झ व त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी दुसऱ्या सुराचं वजन मुद्दाम घटवून हिशेब पुन्हा मांडला. तेव्हा उत्तरं खऱ्या भाषांच्या बरीच जवळ आली.

आता घरी येऊ, मराठीकडे. बाराखडी सोडा, कानानं मोजा. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ इ आणि उ यांच्यावर अर्थ फारसा टांगत नाही. म्हणूनच तर शुद्धलेखनात सगळ्यांचे गुण तिथं जातात. पण 'कर' आणि 'कार', 'मन' आणि 'मान' यांत कुणाचाच घोळ होत नाही. म्हणजे मराठीकडे कोरकूचे पाच आहेतच, वर सहावा 'अ'. तो बसतो त्रिकोणाच्या पोटात, जिथं जागा शिल्लक होती. सहा स्वरांच्या भाषांमध्ये हा मधला पाहुणा नेहमीचा. बांगलानं दुसरी वाट धरली. तिनं कडाच आणखी भरल्या: ए आणि आच्या मध्ये एक, ओ आणि आच्या मध्ये एक. झाले सात.

हेच दोन स्वर इंग्रजी शब्दांबरोबर आपल्याकडे आले, ऍ आणि ऑ. आणि बघा काय झालं. आपल्या आज्यांनी ऑफिसचं 'हापिस' केलं, डॉक्टरचं 'डाक्टर', हॉटेलचं 'हाटेल'. त्यांच्या त्रिकोणात ओ आणि आच्या मध्ये खुर्चीच नव्हती, म्हणून आलेला पाहुणा जवळच्या आच्या मांडीवर बसला. बॅटचं 'ब्याट' झालं तेही असंच: पुढच्या कडेवरून सुरुवात करून आवर उतरायचं. लोक याला गावंढळ म्हणून हसतात. खरं तर तो कानानं केलेला चोख हिशेब आहे.

शेवटी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे पसरण्याचं तत्त्व स्वर *कुठे* बसतील ते सांगतं. *किती* असतील ते सांगत नाही. तीन असले तरी ते छान पसरतात, सातही पसरतात. संख्या वाढवली तर छोटे शब्द जास्त बनतात, पण स्वर जवळ येतात आणि चूक ऐकू येण्याचा धोका वाढतो. कमी केली तर धोका घटतो, पण शब्द लांबतात. पाचावर ही ओढाताण बऱ्याच ठिकाणी थांबते, पण थांबलीच पाहिजे असा नियम नाही. कोरकूचीच बहीण संथाली घ्या. एकाच आजीच्या नाती, पण संथालीत वर्णनानुसार आठपर्यंत स्वर मोजलेत. कोरकूनं मात्र पाचावर घर बांधलं.

तर सेमाडोहला गेलात आणि वाघ दिसला नाही, तर निराश होऊ नका. कुणा कोरकू माणसाला एक ते दहा मोजायला सांगा आणि स्वर टिपत जा. मियापासून सुरू करा, मोनोयपाशी जरा रेंगाळा. आणि गेलपर्यंत पोचलात की मला कळवा, तुम्हाला किती सापडले.

पुढच्या भागात भेटू. येतो मी.