प्रेसवरील अपघात आणि त्याचे तथ्यनिवेदन



कामगार कायद्याच्या परिषदांमध्ये चर्चा बहुधा निकालांची होते, परंतु कारखान्यात जखमी झालेल्या कामगाराचा दावा पुष्कळदा निकालाच्या कितीतरी आधी, म्हणजे अर्जातील घटनेची हकीकत लिहिली जाते त्या वेळीच, बळकट किंवा दुबळा ठरलेला असतो. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, 1923 च्या कलम 22 नुसार आयुक्तांपुढील अर्जात, कोणत्या परिस्थितीत दावा करण्यात येत आहे याचे संक्षिप्त निवेदन असावे लागते. या निवेदनालाच येथे तथ्यनिवेदन म्हटले आहे. दावा सिद्ध होण्यासाठी ज्या घटना घडलेल्या असणे आवश्यक आहे, त्या घडल्या तशा आणि घडल्या त्या क्रमाने सांगणे एवढेच त्याचे काम असून, त्यात पुराव्याची भरताड नको, तशीच मालकाविषयीच्या संतापाची विशेषणेही नकोत. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 लागू झाली असली, तरी येथे तपशिलासाठी घेतलेले उदाहरण 2024 मधील अपघाताचे मानले असल्याने त्याचा विचार 1923 च्या अधिनियमाखाली केला आहे.

उदाहरण कल्पित आहे, पण वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांत घडणाऱ्या अपघातांच्या धर्तीवरच ते रचले आहे. तीस वर्षांचा एक प्रेस ऑपरेटर 50 टनी पॉवर प्रेसवर पत्र्याचे ब्रॅकेट काढण्याचे काम करीत होता आणि त्याच्या उजव्या हाताची तर्जनी व मधले बोट डायमध्ये सापडून मुळापासून तुटले. त्याचे मासिक वेतन, जादा कामाचा मोबदला वगळून, 22,000 रुपये होते. राज्य कर्मचारी विमा योजनेची वेतनमर्यादा 21,000 रुपये असल्याने तो त्या योजनेत नव्हता, आणि ही बाब निवेदनाच्या पहिल्या परिच्छेदातच येणे आवश्यक आहे. कारण विमाधारक कामगाराला त्या योजनेच्या तेव्हा लागू असलेल्या कायद्यातील कलम 53 मुळे मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही.

अशा दाव्यातले सामान्य निवेदन एका वाक्यात आटोपलेले असते: ‘अर्जदार प्रेसवर काम करीत असताना मालकाच्या निष्काळजीपणामुळे त्याची बोटे तुटली.’ या वाक्यात अपघात आहे, पण अपघाताचे कारण नाही, आणि जेथे कारण नसते तेथे प्रतिपक्ष आपले कारण घालतो. कामगाराने स्वतःच गार्ड काढला, चिमटा न वापरता हात घातला, त्याचे लक्ष नव्हते, ही तीन उत्तरे जवळजवळ प्रत्येक लेखी कैफियतीत आढळतात. त्यांना उत्तर देण्याची जागा नंतरचा युक्तिवाद ही नसून मूळ निवेदनातील घटनाक्रम ही आहे.

घटनाक्रम अपघाताच्या क्षणापासून सुरू करणे ही यातली सर्वांत मोठी चूक होय. प्रेससारख्या यंत्रावरील अपघाताची सुरुवात बहुधा काही तास आधी, डाय बदलताना किंवा दुरुस्तीच्या वेळी, झालेली असते. प्रस्तुत उदाहरणात दुसरी पाळी दुपारी तीनला सुरू झाली. चारच्या सुमारास डाय सेटरने, म्हणजे यंत्रावर साचा बसवणाऱ्या कारागिराने, नवी डाय बसवण्यासाठी समोरचा पक्का गार्ड चार बोल्ट काढून बाजूला ठेवला. तो गार्ड पत्र्याची लांब पट्टी सरकवण्यापुरती फट ठेवून बनवलेला होता, तर नव्या कामात सुटे तुकडे एकेक करून डायवर ठेवावे लागत असल्याने तो परत बसवल्यास काम चालणे शक्य नव्हते. सुपरवायझरने गार्डाशिवाय काम सुरू करण्यास सांगितले. सव्वासहाला प्रेसने पॅडलवरून पाय काढल्यानंतरही दुसरा ठोका दिला; कामगार ज्याला डबल स्ट्रोक म्हणतात तो हाच. ऑपरेटरने तसे सुपरवायझरला सांगितले, फिटरने स्प्रिंग घट्ट केली, आणि प्रेस पुन्हा चालू झाला. सात चाळीसला डायला चिकटलेला तुकडा काढण्यासाठी ऑपरेटरने हात घातला असता, पॅडलवर पाय नसताना, रॅम दुसऱ्यांदा खाली आला.

या क्रमात ‘निष्काळजीपणा’ हा शब्द एकदाही आलेला नाही, आणि तरीही गार्ड कोणी काढला, तो परत का बसला नाही, दोष आधी कळला होता का आणि कोणाला, या चारही प्रश्नांची उत्तरे त्यात आहेत. चांगल्या तथ्यनिवेदनाची हीच कसोटी मानावी.

तथ्यनिवेदन लिहिणाऱ्याला यंत्राची जुजबी तरी माहिती असणे येथे अपरिहार्य ठरते. जुन्या पद्धतीच्या प्रेसमध्ये फ्लायव्हील सतत फिरत असते आणि पॅडल दाबताच एक लोखंडी चावी फ्लायव्हीलला क्रँकशाफ्टशी जोडते. अशा रचनेला की क्लच म्हणतात. चावी एकदा अडकली की रॅम पूर्ण फेरी मारूनच थांबतो, मध्ये त्याला अडवता येत नाही; आणि चावी झिजली किंवा ती मागे ओढणारी स्प्रिंग सैल झाली वा तुटली, तर फेरी संपल्यावर चावी सुटत नाही आणि ठोका पुन्हा पडतो. यातून दाव्याच्या दृष्टीने दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की डबल स्ट्रोक हा ऑपरेटरच्या पायाचा दोष नसून बहुधा यंत्राच्या देखभालीचा दोष असतो. दुसरा असा, की ‘प्रेसला प्रकाशकिरणांचा सेन्सर बसवला होता’ असे मालकाने म्हटले, तरी की क्लचच्या प्रेसवर त्या सेन्सरचा संरक्षणासाठी उपयोग नाही. हात आत आल्याचे कळूनही ठोका मध्येच थांबवण्याची सोय त्या यंत्रात नसते. म्हणून प्रेसचा क्लच कोणत्या प्रकारचा आहे हे निवेदनात लिहिले नसेल, तर सुरक्षा उपायांविषयीचा पुढचा सगळा मजकूर अधांतरी राहतो.

अपघाताच्या वेळी लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 21 प्रमाणे यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम कुंपण घालणे, आणि ते भाग चालू किंवा वापरात असताना ते कुंपण जागेवर ठेवणे, हे कर्तव्य आहे. कारखान्यात गार्ड होता एवढ्याने ते पूर्ण होत नाही. तो बोटे तुटली त्या वेळी जागेवर होता का, हाच प्रश्न असतो. त्यामुळे सुरक्षा उपायांचा परिच्छेद प्रत्येक उपायाबाबत तीन गोष्टी स्वतंत्रपणे सांगणारा असावा: तो उपाय उपलब्ध होता का, त्या कामाला तो लागू पडत होता का, आणि त्या क्षणी तो वापरात होता का.

कामगाराच्या विरोधी जाणारे तथ्यही याच परिच्छेदात यावे. प्रस्तुत उदाहरणात प्रेसजवळ चिमटा होता, आणि ऑपरेटरने तो त्या वेळी वापरला नाही. ही गोष्ट लपवल्यास उलटतपासणीत ती बाहेर येते आणि मग उरलेल्या खऱ्या मजकुरावरचाही विश्वास उडतो. ती लिहिताना मात्र पूर्ण लिहावी: डायला घट्ट चिकटलेला तुकडा चिमट्याने निघत नसे, आणि असे तुकडे हाताने काढण्याची पद्धत सुपरवायझरच्या डोळ्यांदेखत चालू होती. कायदाही येथे कामगाराच्या बाजूने आहे. 1923 च्या अधिनियमाच्या कलम 3 खाली मालकाला सुटका मिळते ती कामगार नशेत असल्यास, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट आदेश वा नियम त्याने हेतुपुरस्सर मोडल्यास किंवा सुरक्षा साधन त्याने हेतुपुरस्सर काढले वा दुर्लक्षिले असल्यास. तीही अपघात थेट त्यामुळे झाला असेल तरच. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल, तर ही सुटकाही उरत नाही. साधी गफलत आणि हेतुपुरस्सर अवज्ञा यांत या कलमाने अंतर ठेवले आहे, आणि ते अंतर टिकवण्याचे काम घटनाक्रमातील तपशील करतात.

साक्षीदारांच्या बाबतीत संख्या गौण असून, कोणाला नेमके काय ठाऊक आहे याची वाटणी महत्त्वाची असते. शेजारच्या प्रेसवरच्या सहकाऱ्याने सव्वासहाचा डबल स्ट्रोक पाहिला असेल, पण अपघाताच्या क्षणी त्याची नजर स्वतःच्या डायवर असणार. त्याने ओरडणे ऐकले आणि मग पाहिले, तर तेवढेच लिहावे. गार्ड काढल्याची साक्ष डाय सेटरची, स्प्रिंगची साक्ष फिटरची. हे सगळे त्याच कारखान्यात नोकरीला असल्याने पुढे त्यांची जीभ अडखळते, म्हणून त्यांच्या म्हणण्याला आधार देणारे कागद, म्हणजे ब्रेकडाउन नोंदवही, उत्पादनाची पाळीनिहाय नोंद, हजेरीपट आणि कारखाने अधिनियमाच्या कलम 88 खाली कारखाना निरीक्षकाकडे द्यावयाची अपघाताची सूचना, अर्जासोबतच मागवावेत. रुग्णालयातील पहिल्या नोंदीकडे विशेष लक्ष द्यावे. जखमीला पुष्कळदा सुपरवायझरच घेऊन जातो आणि हकीकतही तोच सांगतो. नोंदीत ‘घरी इजा झाली’ असे आले असेल, तर ती माहिती कोणी दिली हे निवेदनातच स्पष्ट करावे लागते.

शेवटी इजा आणि रक्कम. अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत एका हाताची दोन बोटे गमावल्यास कमाईच्या क्षमतेची हानी 20 टक्के मानली आहे. वेतन 22,000 रुपये असले तरी हिशेबासाठी 2020 पासून 15,000 रुपयांपर्यंतच धरले जाते. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000 रुपये, आणि तीस वर्षे वयासाठीचा गुणक 207.98; गुणाकार 18,71,820 रुपये आणि त्याचे 20 टक्के म्हणजे 3,74,364 रुपये. परंतु ज्याला उजव्या हाताने पुन्हा प्रेस चालवता येणार नाही, त्याची हानी खरोखर तेवढीच आहे का, हा प्रश्न खुला ठेवता येतो. डावा हात कोपराच्या वर गमावलेल्या सुताराला सुतारकाम अशक्य झाल्याने त्याचे अपंगत्व सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये संपूर्ण मानले, आणि भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते असेही सांगितले. म्हणून कामगार अपघातापूर्वी प्रत्यक्ष कोणत्या हालचाली करी आणि आता त्यांपैकी कोणत्या करू शकत नाही, हे निवेदनात लिहिलेले असावे.

या परिषदेतील वकिलांना आणि संघटनांच्या कार्यकर्त्यांना अध्यक्षस्थानावरून एकच विनंती आहे. दाव्याला दोन वर्षांची मुदत आहे म्हणून दोन वर्षे थांबू नये. डाय उतरते, स्प्रिंग बदलली जाते, गार्ड नवा बसतो आणि सहकारी दुसऱ्या कारखान्यात जातो. अपघातानंतरच्या पहिल्या आठवड्यातच कामगाराजवळ बसून पाळीच्या सुरुवातीपासूनची हकीकत वेळेनुसार लिहून घ्यावी, आणि प्रत्येक वाक्यापुढे त्याला आधार असलेला साक्षीदार किंवा कागद नोंदवावा. ज्या वाक्यापुढे काहीच लिहिता येत नाही, ते वाक्य आयुक्तांपुढे ठेवू नये.