पित्ताशय गेले, मोदक राहिला

(मंडळाच्या गेल्या कोजागरीच्या संमेलनात, बिलासपूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मघाशी दूध वाटताना मी लहान वाटी मागून घेतली, तेव्हा दोघातिघांनी विचारले, "काय हो, डॉक्टरांनी अजून बंदी घातलीय का?" बंदी नाही. साडेतीन महिन्यांपूर्वी माझे पित्ताशय काढले, हे बहुतेकांना ठाऊक आहे. त्यानंतरचे खाणे मी कसे परत मिळवले, हे सांगावे असा चिटणीसांचा आग्रह झाला, म्हणून उभा आहे. मी डिप्लोमा केलेला रुळांचा माणूस, डॉक्टर नव्हे. डॉक्टरांनी सांगितलेले आणि स्वतः अनुभवलेले, एवढेच बोलेन.

आधी एक गैरसमज. ऑपरेशननंतर भेटायला येणारे म्हणायचे, "चला, आता पित्ताचा त्रास गेला." आपण घरी ज्याला पित्त म्हणतो, ती आंबट ढेकर आणि जळजळ म्हणजे पोटातले आम्ल. पित्ताशयातले पित्त वेगळे. ते यकृतात तयार होते, दिवसाला अर्धा ते एक लिटर, आणि तेलतूप पचवायला लागते. पित्ताशय ही फक्त साठवणीची पिशवी. तिच्यात ३० ते ५० मिलिलिटर पित्त घट्ट करून ठेवलेले असते आणि तुपकट घास पोटात गेला की ती आकसून एकदम पित्त सोडते. पिशवी काढली तरी यकृताचे काम चालूच राहते, फक्त पित्त आता थेंबथेंब सतत आतड्यात उतरते. म्हणजे टाकी गेली, नळ चालू आहे. म्हणून थोडे तेलतूप सहज पचते. एकदम पुष्कळ आले तर मात्र पित्त पुरत नाही. शिवाय काही पित्त मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचले की तिथे ते झोंबते आणि जुलाब होतात.

माझी शस्त्रक्रिया दुर्बिणीची होती. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "हलके, कमी तेलाचे खा. थोडे थोडे, पाच-सहा वेळा. हळूहळू नेहमीचे सुरू करा." सगळे बरोबर. पण "हळूहळू" म्हणजे किती, हे मी विचारले नाही आणि तिथेच चूक झाली.

आमच्या सौभाग्यवतींनी हळूहळूचा अर्थ धरला, काहीच नाही. अकरा दिवस मी तांदळाची पेज, मऊ भात, मुगाचे बिनफोडणीचे वरण आणि उकडलेला दुधी यांवर काढले. पहिले तीन-चार दिवस ते योग्यच होते. नंतर मात्र घरात शेजारच्या फोडणीचा वास आला तरी माझे डोके फिरायचे. आणि बाराव्या दिवशी आली आषाढी एकादशी.

सौ. म्हणाली, "अहो, या वर्षी उपास नको." मी म्हणालो, "अगं, साबुदाणाच तर आहे. आजाऱ्यालाही देतात." आणि दोन बशा खिचडी खाल्ली. दोन तासांत बरगडीखाली कळा, मळमळ, आणि संध्याकाळपर्यंत चार वेळा धावाधाव. टाके तुटले की काय, या भीतीने डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारले, ताप किंवा थंडी आहे का? डोळे पिवळे दिसतात का? लघवी चहासारखी गडद होते का? दुखणे वाढतच चालले आहे का? चारही उत्तरे नाही अशी होती. "मग आज काय खाल्लेत ते सांगा," म्हणाले.

ते प्रश्न प्रत्येकाने लक्षात ठेवावेत. यांतले एकही उत्तर हो असेल, शौचाचा रंग मातीसारखा पांढुरका झाला असेल, उलट्या थांबत नसतील किंवा जखम लाल होऊन वाहत असेल, तर तो खाण्याचा प्रश्न नव्हे. नळीत खडा राहिलेला असू शकतो, आत पित्त गळत असू शकते. पथ्य बदलत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

रात्री मी कागद घेऊन हिशेब मांडला. शेंगदाण्याचे निम्मे वजन तेलच असते. एका बशीत सुमारे ३० ग्रॅम कूट, म्हणजे १५ ग्रॅम तेल. वर दोन चमचे तूप, चहाचा चमचा ५ ग्रॅमचा, म्हणजे १० ग्रॅम. एका बशीत २५, दोन बशांत ५०. सुरुवातीला एका पदार्थात ३ ग्रॅमच्या आसपास राहावे, असे सांगतात. दोष साबुदाण्याचा नव्हता. अकरा दिवस शून्य आणि बाराव्या दिवशी पन्नास, हा दोष होता.

सहकाऱ्यांच्या हे लगेच लक्षात येईल. खडी चाळून झाल्यावर आपण गाडीला "हळूहळू जा" असे सांगत नाही. २० चा बोर्ड लावतो. पॅकिंग करतो, रूळ बसला की ४५, मग ७५, मग पूर्ण वेग. वीसवर गाडी कायमची ठेवत नाही आणि विसावरून एकदम शंभरही करत नाही. मी तसेच बोर्ड लावले, फक्त चहाच्या चमच्यात.

पहिले दोन आठवडे एका जेवणात अर्धा चमचा तेल किंवा तूप. तिसरा-चौथा आठवडा एक चमचा. पाचव्यापासून आठव्यापर्यंत दीड ते दोन. पुढे घरचे नेहमीचे जेवण, फक्त तळण एका वेळी थोडे. हे माझे आकडे. बहुतेकांना महिन्याभरात साधे जेवण सोसते, कोणाला त्याआधीच. पोट उघडून ऑपरेशन झाले असेल किंवा मधुमेह असेल, तर आपले आकडे डॉक्टरांकडून घ्यावेत.

आता अर्ध्या चमच्यात चव कशी आणायची? फोडणीचा स्वाद तेलात उतरलेल्या जिऱ्याहिंगाचा असतो, त्याला तेलाचे तळे लागत नाही. सौ.ने लोखंडी पळीत अर्धा चमचा तूप तापवून जिरे, हिंग, कढीपत्ता घातला आणि शेवटी माझ्या वाटीतल्या वरणावर ओतले. भाजी मात्र आधी वाफवून घ्यायची, परतायची नाही. त्या दिवशी अकरा दिवसांनंतर जेवल्यासारखे वाटले. आधीच्या वरणात आणि या वरणात फरक फक्त अडीच ग्रॅमचा होता.

दूधही तपासावे. पिशवीवर छापलेले असते. फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये दीड. म्हणजे फुल क्रीमचा एक पेला प्यायलो तर दोन चमच्यांहून जास्त तूप आले. आम्ही डबल टोन्ड आणले, त्याचेच दही, त्याचेच ताक. भाज्यांत दुधी, पडवळ, लाल भोपळा, गाजर. फळांत पपई, केळे, उकडलेले सफरचंद. कोबी, फ्लॉवर, हरभरा, राजमा, कच्चा कांदा आणि जास्त तिखट यांना तिसऱ्या आठवड्यापर्यंत थांबवले, कारण त्यांनी वायू धरतो. ज्वारीची भाकरी आणि पालेभाजीही नंतर, थोडी थोडी.

कामावर रुजू झालो तेव्हा डब्याचा प्रश्न आला. तो इथल्या मातीने सोडवला. शेजारच्या छत्तीसगढी वहिनी फरा करतात, तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या लांबट वळ्या. त्या नंतर तिळाच्या फोडणीत परततात. माझ्यासाठी वहिनी परतण्याआधीच्या काढून ठेवायच्या. टोमॅटोच्या चटणीबरोबर त्या लाइनवर दुपारपर्यंत मऊ राहतात. इडलीही तशीच उपयोगी.

नवीन पदार्थ आणण्याचा नियम असा ठेवला. एका वेळी एकच नवा पदार्थ, दुपारच्या जेवणात, नेहमीच्या निम्मा. रात्री नवे काही नाही, कारण त्रास झाला तर झोप जाते. मग तीन दिवस वाट पाहायची आणि वहीत लिहायचे: काय, किती, किती वेळाने काय झाले. जेवल्याबरोबर धावावे लागले, पोट फुगले किंवा शौच तेलकट आणि चिकट झाले, तर त्या पदार्थाचा वेग जास्त झाला. तो रद्द करायचा नाही, एक पायरी मागे येऊन आठवड्याने निम्म्याने पुन्हा आणायचा. एकाच दिवशी दोन नवे पदार्थ आणले तर दोषी कोण, ते कळत नाही. मी एकदा अंडे आणि कोबी एकत्र आणले आणि बिचाऱ्या अंड्याला दोन आठवडे उगीच शिक्षा झाली.

या क्रमाने फुलक्याला तूप आले, मग कोशिंबिरीत एक चमचा कूट, मग पूर्ण अंडे, मग माशाची आमटी. आणि सहाव्या आठवड्यात तीच साबुदाण्याची खिचडी, अर्धी बशी, एक चमचा कूट आणि एक चमचा तूप घालून. काही झाले नाही. वहीत मी "पास" असे लिहिले. जुलाब मात्र काही आठवडे थांबलेच नाहीत, तर पथ्य आवळत जाऊ नये. पित्त धरून ठेवणारे औषध असते, डॉक्टर देतात.

मग आली गणेश चतुर्थी, ऑपरेशननंतर दहावा आठवडा. आई गावाहून आली होती. तिला वाटले, मी बिचारा मोदक बघत बसणार. मी आधीच हिशेब केला होता. एका उकडीच्या मोदकात साधारण २० ग्रॅम ओले खोबरे, म्हणजे सहा-सात ग्रॅम तेल. वर अर्धा चमचा तूप, अडीच ग्रॅम. मिळून नऊ, म्हणजे दोन चमच्यांच्या आत. म्हणून त्या जेवणात वरणभातावर तूप घेतले नाही, तळण घेतले नाही, आणि मोदक मात्र खरा खाल्ला, तूप घालून. खोबरे कमी केलेला, बिनतुपाचा मोदक मला नकोच होता. पूर्वी मी सात खायचो आणि सातव्याची चव मला आठवत नाही. हा एक आठवतो.

आजच्या दुधाचेही तेच. आटवून निम्मे केलेले फुल क्रीम, त्यात बदाम-पिस्ते. माझ्या लहान वाटीत ६० मिलिलिटर, म्हणजे मुळातले १२० मिलिलिटर दूध, सात ग्रॅम स्निग्धांश. पुढच्या कोजागरीला बहुधा पेला घेईन.

तेव्हा घरी कोणाचे हे ऑपरेशन झाले, तर डॉक्टरांना निघतानाच विचारा, "हळूहळू म्हणजे किती चमचे, किती दिवस?" आणि पेशंटच्या वरणावर अर्ध्या चमच्याची फोडणी पहिल्या आठवड्यातच घालता येईल का, तेही विचारा. माझी एकादशी त्यामुळे टळली असती.

दूध निवत आले आहे, ते घ्या.