तुटवड्याचा हिशेब अर्जात कसा मांडावा

पुरवठा नियोजकाच्या जागेसाठी आलेल्या अर्जांत एक वाक्य हमखास असतं: ‘मालाचा तुटवडा कमी केला.’ कोणत्या मालाचा, तो का पडला, अंदाज कुठे चुकला, यातलं काहीच त्यातून कळत नाही. त्यापेक्षा एकच तुटवडा घ्या आणि तो नीट सांगा.

शिरोलीतल्या एखाद्या फौंड्रीचं उदाहरण घेऊ. हिशेब समजावा म्हणून आकडे मी सोपे धरले आहेत. ट्रॅक्टरच्या हाउसिंगच्या प्रत्येक साच्यात, वितळलेल्या लोखंडातला मळ अडवायला, सिरॅमिकचे दोन फिल्टर बसतात. पंपाच्या केसिंगला एकही लागत नाही. स्टोअर मात्र फिल्टरची मागणी एकूण टनावर काढायचं: टन तेवढेच, म्हणून महिन्याला 4,000 फिल्टर. एका महिन्यात टन खरंच तेवढेच राहिले, पण केसिंग घटलं आणि हाउसिंगचे साचे 2,000 वरून 2,800 झाले. गरज 5,600 ची, हाताशी राखीव 400 धरून 4,400. पंचवीस दिवसांच्या महिन्यात विसाव्या दिवशी फिल्टर संपले आणि 600 साचे अडले.

अशा वेळी ‘राखीव साठा वाढवला’ एवढंच लिहिणारा उमेदवार मूळ कारणापर्यंत पोचलेला नसतो. इथे मागणी टनावरून सोडवून साच्यांना बांधायला हवी. साच्यांच्या आकड्यासाठी ग्राहकाचं शेड्यूलही जसंच्या तसं धरून चालत नाही. मागच्या सहा महिन्यांत त्यानं शेड्यूलच्या सरासरी 90 टक्केच माल उचलला असेल, तर 3,100 च्या शेड्यूलमधून 2,790 साचे आणि 5,580 फिल्टर निघतात. ही रीत आधी जुन्या महिन्यांवर चालवून पाहिली का, हे अर्जात जरूर लिहा.

निकालाबाबत मी फार आग्रही आहे. पुरवठादाराला 21 दिवस लागत असतील, तर ऑर्डर देताना धरलेला अंदाजच मोजायचा. महिनाअखेरीस दुरुस्त केलेला आकडा खपाशी जुळणारच, पण त्यावरून कुणी ऑर्डर दिलेली नसते. मग असं लिहिता येतं: ‘ऑर्डरच्या दिवशीच्या अंदाजातली चूक तुटवड्याच्या महिन्यात 29 टक्के होती. पुढच्या सहा महिन्यांत ती सरासरी 9 टक्के राहिली, फिल्टरअभावी एकही साचा अडला नाही. राखीव साठा 400 वरून 700 करावा लागला.’ शेवटचं वाक्य गाळू नका. साठा दुप्पट करून तुटवडा कुणीही टाळेल, म्हणून मुलाखत घेणारा तेच आधी शोधतो.

आणि ते सहा महिने कसे होते, तेही पाहा. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता. अशा महिन्यात ओतकामच थांबलं, तर फिल्टर आपोआप शिल्लक राहतात. तो महिना हिशेबातून वगळा आणि वगळल्याचं अर्जात लिहा.