दोन रकाने, तीन फोन आणि एक खाचर

आज दोन रकान्यांच्या स्क्रिप्टबद्दल बोलू या. डावीकडे चित्र, उजवीकडे आवाज, एवढं तुम्हाला माहीत असेलच. प्रश्न असा की सगळं युनिट फोनवर चालतं तेव्हा ती स्क्रिप्ट कशी लिहायची, म्हणजे शेताच्या बांधावर उभ्या पोरांचा गोंधळ होणार नाही.

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. कर्जत-खालापूर म्हणजे भाताचा पट्टा. कर्जतला भात संशोधन केंद्र आहे, तिथले ‘कर्जत-३’सारखे वाण तुमच्या घरीही लावले असतील. समजा, आपल्याला चाळीसेक सेकंदांचा व्हिडिओ करायचाय. विषय आहे चारसूत्री भातलावणीत खताची ब्रिकेट नेमकी कुठे खोचायची. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली ही पद्धत. खुणा केलेली दोरी ताणायची, १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर चूड लावायचे. त्यातून चार-चार चुडांचे छोटे चौकोन तयार होतात. युरिया-डीएपीची एक ब्रिकेट, साधारण २.७ ग्रॅमची, प्रत्येक छोट्या चौकोनाच्या मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची.

हे उदाहरण मुद्दाम निवडलं, कारण यात दुसरी संधी नसते. लावणी त्या खाचरात एकदाच होते आणि ब्रिकेट चिखलात गेली की दिसत नाही. शॉट राहिला तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबा.

आता बहुतेक जण स्क्रिप्ट कशी लिहितात ते बघा. चित्राच्या रकान्यात: ‘शेतकरी योग्य पद्धतीने खत देत आहेत.’ आवाजाच्या रकान्यात: ब्रिकेट मधोमध आणि खोल खोचावी, असं लांबलचक निवेदन. हे वाचून फोनवाला काय करणार? बांधावर उभा राहून वाकलेल्या बायकांचा लांबचा शॉट घेणार. त्याची चूक नाही, ‘योग्य पद्धत’ कॅमेऱ्याला दिसत नाही. मग एडिट करताना निवेदन ‘मधोमध’ म्हणतं आणि पडद्यावर सगळं खाचर दिसतं. बघणारा आपल्या मनाने ब्रिकेट चुडाला चिकटून ठेवतो, आणि व्हिडिओ केला त्याचा उपयोग शून्य.

म्हणून पहिला नियम: चित्राच्या रकान्यात फक्त डोळ्यांना दिसतं ते, आवाजाच्या रकान्यात फक्त कानांना ऐकू येतं ते. आणि एका ओळीत एकच चित्र. चित्र बदललं की नवी ओळ.

हा नियम लावला की एक अडचण लिहितानाच सापडते. ‘७ ते १० सेंटिमीटर खोल’ हे चित्रात कसं लिहिणार? चिखलाखालचं काही दिसतच नाही. मग उपाय शोधावा लागतो: एका काडीवर ७ आणि १० सेंटिमीटरवर रंगाने खुणा करायच्या, काडी आधी बांधावर मोजपट्टीशेजारी दाखवायची, मग चिखलात रोवायची. पहिली खूण चिखलात बुडली की खोली दिसली. त्यासाठी चिखलावर पाणी अगदी कमी हवं, हेही स्क्रिप्टवर लिहायचं. शूटिंगच्या दिवशी काडी आणि रंग शोधत फिरावं लागत नाही, कारण घरी बसून रिकामा रकाना भरतानाच ते कळलं.

आता पूर्ण स्क्रिप्ट वाचून दाखवतो. फोनला नंबर देऊ नका, नंबर ओळींसाठी ठेवा. फोन कव्हरच्या रंगावरून ओळखू या: निळा, काळा आणि लाल. सगळे फोन उभे धरायचे.

ओळ १, १० सेकंद
चित्र: निळा फोन, बांधावरून. ताणलेली दोरी, तिच्यावरच्या खुणा, खुणेपाशी चूड लावणारे हात.
आवाज: निवेदन. ‘दोरीवर खुणा आहेत. एक अंतर पंधरा सेंटिमीटर, पुढचं पंचवीस. प्रत्येक खुणेपाशी दोन-तीन रोपांचा एक चूड.’

ओळ २, ८ सेकंद
चित्र: काळा फोन, वरून सरळ खाली. चार चुडांचा छोटा चौकोन. बोट चारही चुडांवरून फिरून मधोमध थांबतं.
आवाज: निवेदन. ‘चार चुडांचा हा छोटा चौकोन बघा. ब्रिकेट जाणार ती इथे, मधोमध.’

ओळ ३, ८ सेकंद
चित्र: निळा फोन, बांधावर, जवळून. तळहातावर ब्रिकेट. शेजारी खुणांची काडी आणि मोजपट्टी.
आवाज: निवेदन. ‘खोली सात ते दहा सेंटिमीटर. म्हणजे काडीवरच्या या दोन खुणांच्या मधे.’

ओळ ४, १२ सेकंद
चित्र: काळा फोन, तोच चौकोन. काडी मधोमध रोवतात, पहिली खूण बुडते. काडी काढून बोटाने ब्रिकेट तिथेच खाली दाबतात.
आवाज: थेट, लाल फोनवर. काकू करता करता स्वतःच्या शब्दांत सांगतात. ‘खूण बुडाली’ हे यायलाच हवं. निवेदन नाही.

आवाजाच्या रकान्यात प्रत्येक ठिकाणी पहिला शब्द ‘निवेदन’ किंवा ‘थेट’ आहे, तो विसरू नका. निवेदन म्हणजे नंतर घरी रेकॉर्ड होणार, त्यामुळे शूटिंगच्या वेळी मागे कोणी बोललं तरी चालेल. थेट म्हणजे आत्ता सगळ्यांनी गप्प. हा एक शब्द नसला की निवेदनाच्या शॉटसाठी सगळे उगाच श्वास रोखून उभे राहतात आणि काकू बोलत असताना कोणीतरी हाका मारतं. पावसात कॅमेऱ्याचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत असेल तर थेंबांची ताडताडच रेकॉर्ड होते, म्हणून थेट आवाजाला लाल फोन वेगळा. तो पिशवीबाहेर काकूंच्या जवळ धरायचा आणि ओळ ४ पावसाची सर थांबल्यावरच घ्यायची.

सेकंद अंदाजाने टाकू नका. निवेदन मोठ्याने, सावकाश वाचा आणि घड्याळ लावा. साधारण सेकंदाला दोन शब्द धरा, आकडे आले की थोडा जास्त वेळ. शॉट मात्र लिहिलेल्या वेळेच्या आधी आणि नंतर तीन-तीन सेकंद जास्त घ्यायचा, म्हणजे कापायला जागा राहते.

आता फोनवाल्या युनिटची खरी अडचण. ज्या फोनवर स्क्रिप्ट आहे त्याच फोनने शूटिंग करायचं, हे जमत नाही. आणि दोन रकाने उभ्या स्क्रीनवर उघडले की अक्षरं मुंगीएवढी होतात, चिखलाच्या बोटांनी झूम कोण करणार? म्हणून आत्ता वाचली तशी प्रत्येक ओळ वेगळी, चित्र वर आणि आवाज खाली. रकाने दोनच राहिले, फक्त एकावर एक आले. हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून प्लास्टिकमधे घाला आणि एकाच माणसाच्या हातात द्या. तो ओळ पुकारेल, बाकीचे फक्त फोन सांभाळतील.

पुकारायचं कसं? रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर तो म्हणेल, ‘ओळ चार, टेक दोन,’ आणि फोनसमोर एक टाळी वाजवेल. फोन क्लिपला `VID_20240712_093015.mp4` असं नाव देतो, त्यात तारीख आणि वेळ कळते, ओळ कळत नाही. ती पुकारल्यामुळे कळते. टाळीवरून काळ्या फोनचं चित्र आणि लाल फोनचा आवाज एडिटमधे जुळवता येतो.

क्रमाने शूट करायची गरज नाही. ओळ ३ बांधावरची आहे, ती आधी उरकली तरी तिचं नाव ओळ ३च. मधे काही सुचलं तर ती ३अ. पुढचे नंबर बदलायचे नाहीत, कारण तोवर कुठल्या तरी क्लिपमधे ‘ओळ चार’ असं बोलून झालेलं असतं.

शेवटी एक तपासणी, निघायच्या आदल्या रात्री. स्क्रिप्ट न वाचलेल्या माणसाला कुठलीही एकच ओळ दाखवा आणि विचारा, कुठला फोन, काय दिसतंय, गप्प राहायचं की नाही? तिन्हींची उत्तरं त्या ओळीतूनच मिळाली तर सकाळी खुशाल निघा. नाही मिळाली तर ती ओळ पुन्हा लिहा, खाचरात उतरल्यावर लिहायला वेळ नसतो.

भेटू पुढच्या भागात.